बारवरची ती काडी: सर्व्हेच्या चार्टवर एरर बार कसा दाखवायचा, म्हणजे घरातल्या माणसालाही कळेल

माझे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर होते. मागच्या महिन्यात त्यांच्यासमोर कचरा वर्गीकरणाच्या सर्व्हेचा एक चार्ट ठेवला, चार भागांचे चार बार, प्रत्येक बारच्या डोक्यावर इंग्रजी आय अक्षरासारखी एक काळी काडी. मामांनी चष्मा वर केला, काडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे काय, टॉलरन्स दिलायस व्हय?"

मला आधी वाटलं की चला, एका झटक्यात कळलं यांना. पण पुढचं वाक्य आलं, "म्हंजे शाहूपुरीतलं एक घर बावन्न टक्के कचरा वेगळा करतंय आन् दुसरं शहाऐंशी टक्के, असं?" आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की चार्ट फसलाय. मामा चुकले नव्हते. जॉबच्या ड्रॉइंगवर प्लस मायनस लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तोच असतो, की प्रत्येक पीस या दोन मापांच्या मधे यायला पाहिजे. सर्व्हेच्या चार्टवरची काडी मात्र वेगळंच काही सांगते, आणि ते माझ्या चार्टवर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तर हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांनी एखादा छोटा सर्व्हे केलाय, मंडळासाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, सोसायटीसाठी, आणि आता त्याचा बार चार्ट करून स्टॅटिस्टिक्स न शिकलेल्या माणसांना दाखवायचाय. काडी काढायची कशी हे सांगतोच, पण जास्त जोर आहे तो समोरच्याला ती कळेल कशी यावर.

आधी आकडे बघू

नवीन पोरांना शिकवायला मी एक सरावाचा डेटा केलाय, तोच इथं वापरतो. आकडे बनवलेले आहेत, खऱ्या सर्व्हेतले नाहीत, त्यामुळं कुठल्या पेठेनं मनावर घेऊ नका. प्रश्न एकच, "तुमच्या घरात ओला आणि सुका कचरा रोज वेगळा ठेवता का?" उत्तर हो किंवा नाही, आणि एका घरातून एकच उत्तर.

राजारामपुरीत १२० घरांना विचारलं, ७८ हो म्हणाले, म्हणजे ६५ टक्के. शिवाजी पेठेत ११० पैकी ६०, म्हणजे ५५ टक्क्यांच्या आत जरासं. कसबा बावड्यात ४५ पैकी २७, म्हणजे ६० टक्के. आणि शाहूपुरीत २५ पैकी १८, म्हणजे ७२ टक्के.

आता नुसता बार चार्ट काढला तर काय दिसतं? शाहूपुरी सगळ्यात उंच. लगेच कुणीतरी हेडिंग टाकणार, "कचरा वर्गीकरणात शाहूपुरी नंबर एक". पण शाहूपुरीत फक्त २५ घरं विचारलीयत. त्यातल्या तीन घरांनी हो ऐवजी नाही म्हटलं असतं तर ७२ चे ६० झाले असते आणि शाहूपुरी बावड्याच्या बरोबरीला आली असती. राजारामपुरीत तीच तीन घरं फिरली तर ६५ चे ६२.५, फारसा फरक नाही. हे जे आहे ना, की कुठला बार किती सहज हलू शकतो, ते दाखवायला काडी असते.

काडी म्हणजे नक्की काय

शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो. सगळं पातेलं चावून बघत नाही, चार शितं दाबतो आणि ठरवतो. सर्व्हे तेच आहे. आता एकच शीत बघितलं तर अंदाज कच्चा, मूठभर बघितली तर पक्का, पण कितीही बघितली तरी सगळा भात बघितल्याशिवाय शंभर टक्के खात्री नाहीच. मग प्रामाणिक माणूस काय म्हणेल? "बहुधा इतका ते इतका शिजलाय." तो जो "इतका ते इतका" आहे त्याला कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात, मराठीत विश्वास अंतराल, पण मी चार्टवर सरळ "अंदाजाची पट्टी" लिहितो कारण ते वाचताना कुणी अडत नाही.

म्हणजे शाहूपुरीची पट्टी ५२ ते ८६ आहे याचा अर्थ घराघरातला फरक नाही. घर तर एकतर हो म्हणतं नाहीतर नाही, ५२ टक्के हो कुठलंच घर म्हणत नाही. अर्थ असा की शाहूपुरीच्या सगळ्या घरांना विचारलं असतं तर एकच आकडा आला असता, तो आकडा आपल्याला माहीत नाही, आणि आपल्या २५ घरांवरून एवढंच म्हणता येतं की तो बहुधा ५२ आणि ८६ च्या मधे कुठंतरी आहे.

मामांना मी ते त्यांच्याच भाषेत सांगितलं, की मामा हा जॉबचा टॉलरन्स नाही, हा माप घेणाऱ्या हत्याराचा कच्चेपणा आहे. एकच शाफ्ट फूटपट्टीनं मोजला तर "चोवीस ते सव्वीसच्या मधे कुठंतरी" असं सांगाल, व्हर्नियरनं मोजला तर दशांशात सांगाल. शाफ्ट तोच आहे. २५ घरांचा सर्व्हे म्हणजे फूटपट्टी आणि १२० घरांचा म्हणजे त्यातल्या त्यात बरं हत्यार. मामा म्हणाले, "मग आधी सांगायचं नव्हतं का!" हो, आणि तेच चार्टवर लिहायला पाहिजे होतं.

एक प्रश्न हमखास येतो की कोल्हापूर शहर २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास होतं, तिथं तीनशे घरांनी काय कळणार? पातेलं मोठं असलं म्हणून जास्त शितं दाबावी लागत नाहीत, भात नीट हलवलेला असला की झालं. पट्टीची रुंदी ठरते ती तुम्ही किती घरं विचारली त्यावर, गावात किती घरं आहेत त्यावर जवळजवळ नाहीच. आणि ती रुंदी सावकाश कमी होते, निम्मी करायची असेल तर चौपट घरं विचारावी लागतात. शाहूपुरीची पट्टी आत्ता ३३ अंकांची आहे, ती १७-१८ वर आणायला २५ ची १०० घरं करावी लागतील.

९५ टक्के म्हणजे काय, एकदाच नीट

पट्टीच्या मागं "९५ टक्के" असा शब्द असतो. ही कल्पना पोलिश गणिती येझी नेमन यांनी १९३० च्या दशकात मांडली, आणि आपल्या सातारा जिल्ह्यातले पांडुरंग सुखात्मे लंडनला त्यांच्याकडंच शिकले, हे मला कळलं तेव्हा फार भारी वाटलेलं. अर्थ असा: याच पद्धतीनं शंभर वेळा वेगवेगळी २५ घरं निवडून सर्व्हे केला, प्रत्येक वेळी पट्टी काढली, तर साधारण ९५ पट्ट्यांमध्ये खरा आकडा सापडेल आणि पाचएक पट्ट्या हुकतील. आपली पट्टी त्या ९५ मधली का ५ मधली ते आपल्याला कधीच कळत नाही. भरवसा पद्धतीवर आहे.

चार्टवर हे सगळं लिहू नका, लोक वाचणार नाहीत. "बहुधा" हा शब्द पुरतो, आणि खाली बारीक अक्षरात "९५ टक्के पातळी" एवढं. पण कुणी विचारलं तर तुम्हाला नीट सांगता यायला पाहिजे म्हणून इथं लिहिलं.

पट्टी काढायचं गणित

शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जे सूत्र असतं ते सोपं असतं, टक्केवारीच्या दोन्ही बाजूला सारखं अंतर. मोठ्या नमुन्याला आणि मधल्या टक्केवारीला ते चालतं. पण समजा २५ पैकी २४ घरं हो म्हणाली, तर त्या सूत्रानं पट्टी येते ८८ ते जवळपास १०४ टक्के. शंभरपैकी एकशे चार घरं! आणि २५ पैकी २५ हो म्हणाली तर पट्टीची रुंदीच शून्य येते, जणू काही शंकाच नाही. म्हणून मी नवीन माणसाला पहिल्यापासूनच विल्सनचं सूत्र वापरायला सांगतो, एडविन विल्सननं १९२७ साली दिलेलं, २५ पैकी २४ च्या त्या उदाहरणात ते ८० ते ९९ देतं, म्हणजे शहाण्यासारखं वागतं.

एक्सेलमध्ये B कॉलममध्ये हो म्हणणारी घरं, C मध्ये एकूण विचारलेली घरं लिहा. दुसऱ्या ओळीत राजारामपुरी, तिसऱ्या ओळीत शिवाजी पेठ, असं खाली. मग D2 मध्ये टक्केवारी, E2 मध्ये पट्टीचं खालचं टोक, F2 मध्ये वरचं टोक:

```
D2:  =B2/C2
E2:  =(D2+1.96^2/(2*C2)-1.96*SQRT(D2*(1-D2)/C2+1.96^2/(4*C2^2)))/(1+1.96^2/C2)
F2:  =(D2+1.96^2/(2*C2)+1.96*SQRT(D2*(1-D2)/C2+1.96^2/(4*C2^2)))/(1+1.96^2/C2)
G2:  =D2-E2
H2:  =F2-D2
```

खाली ओढा. G म्हणजे बारच्या टोकापासून काडी खाली किती जायची आणि H म्हणजे वर किती. बरोबर झालं का हे तपासायला माझे आकडे देतो: राजारामपुरी ५६ ते ७३, शिवाजी पेठ ४५ ते ६४, कसबा बावडा ४५ ते ७३, शाहूपुरी ५२ ते ८६. शाहूपुरीत बघा, काडी खाली १९.६ अंक जाते आणि वर फक्त १३.७. दोन्हीकडं सारखी नाही. चूक झाली असं समजून कुणी दोन्ही बाजू सारख्या करत बसू नका, टक्केवारी शंभराच्या जवळ जाईल तशी वर जायला जागा कमी उरते आणि ते तसंच दिसायला हवं.

एक्सेलमध्ये काडी लावताना इथं घात होतो

ही सगळ्यात महत्त्वाची जागा, म्हणून जरा सावकाश. D कॉलमचा बार चार्ट काढला, चार्टवर क्लिक केलं, बाजूला + चं चिन्ह येतं, त्यात `Error Bars` वर टिक केली की लगेच सगळ्या बारवर काड्या येतात. सुंदर दिसतात. आणि त्या साफ चुकीच्या असतात.

कारण एक्सेलला तुमचे १२०, ११०, ४५, २५ माहीतच नाहीत. त्याला दिसतात फक्त चार्टवरचे चार आकडे, मग तो त्या चार आकड्यांच्या आपसातल्या फरकावरून एक अंतर काढतो आणि तेच सगळ्या बारला चिकटवतो. ओळखायचं कसं? सगळ्या काड्या एकाच लांबीच्या असतील तर समजायचं की गडबड आहे. २५ घरांची काडी आणि १२० घरांची काडी सारखी असूच शकत नाही. छापील अहवालांमध्येसुद्धा मी अशा सारख्या लांबीच्या काड्या बघितल्यात, आणि वाईट याचं वाटतं की वाचणारा त्यावर विश्वास ठेवून बसतो.

बरोबर रस्ता असा. `Error Bars` च्या बाजूच्या बाणावर जा, `More Options` निवडा, खाली `Custom` आणि मग `Specify Value`. दोन खिडक्या येतात. `Positive Error Value` मध्ये जे आधीच भरलेलं असतं ते पुसा आणि H कॉलमचे चार आकडे सिलेक्ट करा, `Negative Error Value` मध्ये तसंच पुसून G चे चार. उलटसुलट झालं का ते शाहूपुरीवर बघायचं, तिची खालची बाजू लांब पाहिजे. आणि काड्या दिसल्याच नाहीत, नुसता ठिपक्याएवढा डाग दिसला, तर बहुतेक बार ६५ असे पूर्ण अंकात आहेत आणि काडी ०.०८ अशी अपूर्णांकात, दोन्ही एकाच मापात आणा.

गुगल शीट्समध्ये हे काम होत नाही असंच धरा. तिथं `Series` च्या खाली एरर बार आहेत, पण प्रकार म्हणजे `Constant`, `Percent` आणि `Standard deviation`, प्रत्येक बारला वेगळी काडी द्यायची सोय नाही. गणित तिथं करा हवं तर, पण चार्ट एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये काढा.

काढली काडी, आता ती दिसायला आणि कळायला हवी

बारला गडद रंग असला, गडद निळा किंवा काळपट, तर काडीचा खालचा अर्धा भाग बारमध्ये बुडून जातो आणि वरचाच दिसतो. मग वाचणारा काय समजतो? "७२ तर नक्की आहे, जास्त पण असू शकेल." कमी असू शकेल हे त्याच्या नजरेला पडतच नाही. २०१२ साली जॉर्ज न्यूमन आणि ब्रायन शॉल यांनी असं दाखवलं की सरासरीचा बार बघितल्यावर लोकांना बारच्या आतला आकडा जास्त शक्य वाटतो आणि तेवढ्याच अंतरावरचा बारच्या बाहेरचा आकडा कमी शक्य. म्हणजे नुसत्या भरीव रंगानंसुद्धा नजर फसते, तिथं सांख्यिकी कमी आलीय म्हणून तसं होतं असं नाही.

यावर दोन उपाय आहेत. साधा उपाय म्हणजे बार अगदी फिकट करायचा, फिकट राखाडी किंवा फिकट पिवळा, आणि काडी गडद आणि जाड, मी सव्वादोन पॉइंट ठेवतो. टक्क्याचा आकडा बारच्या डोक्यावर लिहू नका, तिथं काडी त्याच्यावरून आडवी जाते आणि दोन्ही वाचता येत नाहीत, आकडा बारच्या बुडाशी आत लिहा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: बारच काढायचा नाही. प्रत्येक भागासाठी एक आडवी जाड फिकट पट्टी, ५२ पासून ८६ पर्यंत, आणि ७२ वर एक गडद ठिपका. असा चार्ट बघितल्यावर माणूस आपोआप आधी पट्टी बघतो आणि मग ठिपका. पण तुमच्या मंडळाला किंवा गुरुजींना बारच हवा असेल तर भांडत बसू नका, फिकट बार घ्या, आणि बार असेल तर अक्ष शून्यापासून सुरू करा.

नावाच्या खाली किती घरं विचारली ते लिहाच. "शाहूपुरी, २५ घरं". हे एवढंसं लिहिलं की पट्टी रुंद का आहे हे लोकांना न सांगता कळतं.

आणि बार उंचीप्रमाणं लावू नका. उतरत्या क्रमानं लावले की चार्ट आपोआप पहिला, दुसरा, तिसरा नंबर वाटायला लागतो आणि शाहूपुरी, जिच्याबद्दल आपल्याला सगळ्यात कमी माहीत आहे, तीच पहिल्या नंबरावर जाऊन बसते. मी विचारलेल्या घरांच्या संख्येप्रमाणं लावतो, जास्त घरं आधी, म्हणजे पक्का आकडा आधी आणि कच्चा शेवटी.

मग खालचं वाक्य. चार्टखाली एक तरी वाक्य पाहिजेच, आणि त्यात "एरर" हा शब्द नको, कारण एरर म्हटलं की लोकांना वाटतं तुमच्या हातून काहीतरी चुकलंय. मी हे लिहितो, उचलून वापरा:

"ठिपका म्हणजे आम्ही विचारलेल्या घरांचं उत्तर. पट्टी म्हणजे त्या भागातल्या सगळ्याच घरांना विचारलं असतं तर आकडा बहुधा या दोन टोकांच्या मधे कुठंतरी आला असता (९५ टक्के पातळी). कमी घरं विचारली की पट्टी रुंद होते."

बार वापरलात तर "ठिपका" च्या जागी "बारची उंची" आणि "पट्टी" च्या जागी "काळी काडी" लिहा. आणि ही जी काडी आहे ती ९५ टक्क्यांची पट्टीच आहे हे लिहिणं सोडू नका, कारण काही लोक तिथं स्टँडर्ड एरर लावतात, जी साधारण निम्म्या लांबीची असते, आणि काही लोक स्टँडर्ड डेव्हिएशन लावतात, जी खरोखरच मामा म्हणत होते तशी एकेका उत्तराच्या पसाऱ्याची असते. तिन्ही काड्या दिसायला एकसारख्या.

पट्ट्या एकमेकींवर आल्या तर

चार्ट दाखवला की दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "पट्ट्या एकमेकींवर येताहेत म्हणजे फरक नाही." हे अर्धं खरं आहे आणि शिकलेली माणसंसुद्धा इथं चुकतात. दोन पट्ट्या पूर्ण वेगळ्या असतील, मधे मोकळी जागा असेल, तर फरक आहे म्हणायला हरकत नाही. पण थोड्या एकमेकींवर आल्या तर नुसतं बघून काहीच सांगता येत नाही, फरकाची वेगळी पट्टी काढावी लागते.

राजारामपुरी आणि शिवाजी पेठ घ्या, ५६ ते ७३ आणि ४५ ते ६४. फरक साडेदहा अंकांचा. त्याची पट्टी:

```
फरक:          =D2-D3
प्लस-मायनस:   =1.96*SQRT(D2*(1-D2)/C2+D3*(1-D3)/C3)
```

प्लस-मायनस येतं १२.६. म्हणजे खरा फरक उणे २ पासून अधिक २३ पर्यंत कुठंही असू शकतो, शून्य त्याच्या आत आहे, तर "राजारामपुरी पुढं आहे" असं ठामपणे म्हणता येत नाही. पण "दोन्ही सारखेच आहेत" असंही म्हणता येत नाही, कारण २० अंकांचा फरकही त्याच पट्टीत बसतो. लोकांना सांगताना "या सर्व्हेवरून सांगता येत नाही" असं म्हणा.

आता समजा राजारामपुरीत ७८ ऐवजी ८४ घरं हो म्हणाली असती, म्हणजे ७० टक्के. तिची पट्टी झाली असती ६१ ते ७७. शिवाजी पेठेची ४५ ते ६४ तशीच. ६१ ते ६४ मधे दोन्ही पट्ट्या अजून एकमेकींवर आहेत, पण फरकाची पट्टी येते अधिक ३ ते अधिक २८, शून्य बाहेर. म्हणजे इथं पट्ट्या एकमेकींवर असूनही फरक आहे. कारण असं की दोन्ही सर्व्हे एकाच वेळी उलट्या दिशेनं टोकाला चुकतील, एक पार खाली आणि दुसरा पार वर, हे क्वचित घडतं, आणि नुसती टोकं जुळवून बघताना आपण नेमकं तेच धरून चालतो.

त्यामुळं तुमचा मुद्दाच जर दोन भागांची तुलना हा असेल तर दोन बार दाखवून लोकांना अंदाज करायला लावू नका. फरकाचाच एक छोटा चार्ट काढा, मधे शून्याची उभी रेघ, आणि एक पट्टी. पट्टी रेघेला शिवली का नाही, एवढंच बघायचं, हे कुणालाही जमतं.

आणि शाहूपुरी? शिवाजी पेठेपेक्षा साडेसतरा अंकांनी वर दिसते, पण फरकाची पट्टी उणे २ ते अधिक ३७. म्हणजे ते नंबर एकचं हेडिंग गेलं.

पट्टीला जे कळत नाही

मिसळ घेताना नुसता वरचा कट घेतला तर खालची मटकी किती आहे ते कळत नाही, मग तुम्ही एक वाटी घ्या नाहीतर दहा. सर्व्हेचंही तसंच. तुम्ही संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला आलेल्यांनाच विचारलं, किंवा फॉर्मची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि ज्यांना या विषयाची आवड आहे त्यांनीच भरला, तर हजार उत्तरं आली तरी ती वरच्या कटाची उत्तरं आहेत. आणि धोका असा की उत्तरं हजार झाली की पट्टी एकदम बारीक होते, तीन तीन अंक इकडं तिकडं, दिसायला फार पक्कं. पट्टी फक्त एवढंच मोजते की योगायोगानं वेगळी घरं निवडली गेली असती तर आकडा किती हलला असता. कुणाला विचारायचंच राहिलं, कुणी लाजेनं खोटं हो म्हटलं, हे तिला दिसत नाही. कचऱ्याच्या प्रश्नाला तर लोक जरा जास्तच हो म्हणतात.

म्हणून खालच्या वाक्यात अजून एक ओळ घाला, घरं कशी निवडली ती. "प्रत्येक गल्लीतलं दर दहावं घर, बंद असेल तर दुसऱ्या दिवशी परत गेलो" असं असेल तर तसं. "ग्रुपवर लिंक टाकली, ज्यांना हवं त्यांनी भरली" असं असेल तर तसं, आणि मग मी तरी पट्टी काढतच नाही, नुसती संख्या देतो, "ग्रुपवरच्या ९० जणांपैकी ५८ जण हो म्हणाले", कारण तिथं पट्टी काढणं म्हणजे नसलेला भरवसा दाखवणं. एकाच अपार्टमेंटमधली दहा घरं घेतली तरी सांभाळा, तिथं खाली एकच डबा असेल तर दहाही घरांचं उत्तर एकच येतं, ती दहा उत्तरं मोजायला दहा असतात पण माहिती एका घराएवढीच देतात, आणि खरी पट्टी सूत्रातल्यापेक्षा रुंद असते.

छापायच्या आधी एका माणसाला दाखवा

चार्ट तयार झाला की ज्यानं सर्व्हेत काम केलं नाही अशा एका माणसाला दाखवा, काही समजावून न सांगता, आणि तीन प्रश्न विचारा. ही पट्टी काय सांगते? कुठल्या भागाचा आकडा सगळ्यात कच्चा आहे? आणि शाहूपुरी राजारामपुरीच्या पुढं आहे का? तो पहिल्याला "कमीत कमी आणि जास्तीत जास्त उत्तर" म्हणाला तर खालचं वाक्य बदला. दुसऱ्याला अडखळला तर घरांची संख्या नावाखाली नीट दिसत नाहीये. तिसऱ्याला पटकन "हो" म्हणाला तर बार अजून गडद आहे किंवा क्रम उंचीप्रमाणं लागलाय.

मी दुसऱ्यांदा चार्ट मामांकडंच नेला, यावेळी ठिपके आणि फिकट पट्ट्या, नावाखाली घरं लिहिलेली. पहिल्या प्रश्नाला ते खालचं वाक्य वाचून म्हणाले, "सगळ्यांना इचारलं असतं तर ह्यात कुठंतरी." दुसऱ्याला न बोलता शाहूपुरीच्या लांब पट्टीवर बोट ठेवलं. तिसऱ्याला थांबले, दोन्ही पट्ट्या बोटानं मापल्या आणि म्हणाले, "ह्याच्यावरनं न्हाई सांगता येत. तिथं पंचवीसच घरं घेतलीत नव्हं." मग तो चार्ट मी छापायला दिला.